जिंकल्यामुळेच मालिका मिळाली का?

>> विशाल निकमला ‘ज्योतिबा’ बिग बॉस जिंकल्यामुळेच मिळाली ना?

नाही हो, उलटं आहे. ‘दख्खनचा राजा जोतिबा’ स्टार प्रवाहवर 2020 मध्ये सुरू झाली, बिग बॉस मराठी तो जिंकला डिसेंबर 2021 मध्ये. म्हणजे घरात जाण्याआधीच तो मालिकेचा नायक झाला होता. जिंकल्यानंतरची म्हणाल तर ‘येड लागलं प्रेमाचं’, पण ती आली 2024 मध्ये. तेही ट्रॉफीमुळेच, असं नुसत्या तारखांवरून ठरत नाही.

असे दावे तपासायचे तर वाहिनीने टाकलेल्या पहिल्या प्रोमोची तारीख बघा. सोशल मीडियावरचे पेजवाले ‘पाहुणा कलाकार’ आणि ‘नायक’ यांतला फरक बिनधास्त गिळतात. शिव ठाकरेलाही कुणीकुणी हिंदी बिग बॉसच्या सोळाव्या पर्वाचा विजेता करून टाकतात. तो उपविजेता होता, जिंकला एमसी स्टॅन.