मदत हवी आहे: कंपाउंड धनुष्य फुल ड्रॉला हलकं व्हायला हवं, आमचं होत नाहीये

सराफा_पोहे: नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. मुलगी सोळा वर्षांची, वर्षभर कंपाउंड मारतेय आणि गेल्या महिन्यात तिला जुनं धनुष्य घेऊन दिलं, 50 पाउंडाचं, विकणाऱ्याने 80 टक्के लेट-ऑफ सांगितलं होतं. म्हणजे ओढताना साधारण 23 किलो लागले तरी शेवटी हातात साडेचारच राहायला हवेत ना? पण ती म्हणते बाबा, नेम धरेपर्यंत खांदा थरथरतो. मग घरात सामान तोलायचा हुकाचा काटा होता तो स्ट्रिंगला अडकवून ओढून बघितलं, सगळ्यात जड जागी 22.7 आले पण फुल ड्रॉला 8 किलो!! मुळात ते वजन जातं कुठे तेच मला नीट समजलेलं नाही, त्यामुळे बिघडलंय काय ते कळत नाही. कृपया कोणीतरी समजवा.

नाना_बडोदेकर: सोप्पं आहे, विहिरीच्या रहाटासारखं, चाक लावलं की वजन कमी होतं. लिम्बचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे, बोल्ट दोन-दोन फेरे सैल करा, हलकं होईल.

तिसरा_बाण: नाना, चाकाचं बरोबर पण अर्धंच. रहाटाचं चाक गोल असतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत फायदा एकसारखाच. कॅम म्हणजे लिम्बच्या टोकाचं चाक, ते गोल नसतं आणि त्याचा आस मध्यात नसतो, सगळी गंमत तिथेच आहे.

सराफाजी, तुमच्या कॅमला बाजूने बघा, दोन खाचा दिसतील. एकीत स्ट्रिंग, दुसरीत केबल. ओढताना स्ट्रिंग सुटत जाते, केबल गुंडाळली जाते आणि ती समोरच्या लिम्बला खेचून वाकवते. आता दार आठवा, कडीपाशी ढकललं तर बोटाने हलतं, बिजागरीपाशी ढकलायला गेलात तर अंग लावावं लागतं. ओढायला सुरुवात करताना स्ट्रिंग आसाच्या जवळून निघते म्हणजे तुम्ही बिजागरीपाशी ढकलताय, म्हणून जड. कॅम फिरत फिरत शेवटाला आला की स्ट्रिंग आसापासून लांब जाते आणि केबल आसाला जवळजवळ चिकटते. समजा स्ट्रिंग 5 सेंमीवर आणि केबल 1 सेंमीवर, तर केबलमधला 20 किलोचा ताण स्ट्रिंगमधले 4 किलो रोखून धरतात. (स्ट्रिंगच्या कोनामुळे हाताला लागणारा आकडा जरा वेगळा येतो, ते सध्या सोडा.)

वजन कुठेही जात नाही, लिम्ब तेव्हा सगळ्यात जास्त वाकलेले असतात, फक्त तो भार केबली पेलतात. म्हणून रिकाम्या स्ट्रिंगवर सोडायचं नाही, बाण नसताना ती सगळी ताकद धनुष्यातच जाते आणि लिम्ब फुटतात.

आणि बोल्ट सैल केले तर वरचं आणि धरायचं दोन्ही वजन कमी होतं, टक्का जवळपास तोच राहतो. रोग तसाच राहील.

मैदानावरची_आई: आमचा मुलगा रिकर्व्ह मारतो, त्यालाही शेवटी जडच जातं, तुम्ही हलकं धनुष्य का घेत नाही?

तिसरा_बाण: ताई, रिकर्व्हला कॅमच नसतो, जितकं ओढाल तितकं जड, ते तसंच असतं. हा प्रश्न वेगळा आहे.

सराफाजी, दोन गोष्टी बघा. काटा वाचताना तुम्ही वॉलवर, म्हणजे ओढ जिथे अडते तिथे, टेकून अजून ओढत होतात का? वॉल आली की तुम्ही कॅमला अडवणाऱ्या स्टॉपला खेचत असता, आकडा खोटा फुगतो. वॉल लागली न लागली तिथेच वाचा, आणि हूक निसटणार नाही याची खात्री करा. दुसरं, तिला फुल ड्रॉला उभी करून, बाण लावून, समोर फक्त बट ठेवून, बाजूने फोनवर व्हिडिओ काढा. दोन्ही कॅमचे स्टॉप एकाच वेळी केबलला टेकतात का?

सराफा_पोहे: तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं, मी जोर लावून ओढत होतो. आता हळू वाचलं तर साडेसहा. आणि व्हिडिओ थांबवून बघितला, वरचा स्टॉप टेकलाय पण खालच्यात अजून दोन-तीन मिलिमीटर फट दिसते. वॉलही रबरासारखी मऊ लागते म्हणते.

तिसरा_बाण: साडेसहा म्हणजे लेट-ऑफ 71 टक्क्यांच्या आसपास. बाकीची भर बहुतेक त्या फटीची. वरचा कॅम आधी अडतो, खालचा पूर्ण फिरतच नाही, म्हणजे तिथली केबल आसाजवळ यायची राहिली. जुन्या केबली ताणल्या की हे होतं. केबलला अर्धा-अर्धा पीळ देऊन दोन्ही कॅम जुळवतात, पण कोणत्या केबलला आणि कोणत्या दिशेने ते कॅमच्या प्रकारावर ठरतं. ते लिम्ब दाबून धरणाऱ्या बो प्रेसवरच, घरी हाताने अजिबात नको.

नाना_बडोदेकर: स्टॉपचा खिळाच चुकीच्या भोकात असेल तर? आमच्या मित्राच्या धनुष्याला 65 आणि 80 अशा दोन जागा होत्या.

तिसरा_बाण: नाना, हे मात्र विचारायलाच हवं होतं. पण तसं असतं तर दोन्ही स्टॉप बरोबर टेकले असते. दोन्ही कॅमवर एकाच खुणेत खिळे आहेत का ते आधी बघा.

सराफा_पोहे: वरचा खिळा दुसऱ्या भोकात आहे आणि खालचा तिसऱ्या!! आधीच्या मालकाने असंच ठेवलं असेल का मुद्दाम? खिळा जुळवायचा की आधी केबल, कोण सांगेल? इंदुरात प्रेस असलेलं कोणी माहीत असेल तर तेही कळवा, रविवारी तिचा सराव आहे.