नातवाला भरवणारे हात: आजीआजोबांचे अनुभव सांगा

माझा मुलगा चार वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. मी नोकरीला जाते, त्यामुळे दुपारचं भरवणं सासूबाईंकडे. त्या त्याला मांडीवर आडवा घेऊन, मान मागे टाकून वरणाचं पाणी पाजायच्या. रोज ठसका. काही बोललं की "आम्ही चार वाढवली." शेवटी थेरपीला त्यांनाच पाठवलं. थेरपिस्ट म्हणाली, "आजी, मान वर करून पाण्याचा एक घोट घ्या बरं." घोट घेतला आणि आईच ठसकल्या. मग तिने वाटी त्यांच्याच हातात दिली. त्याची पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी जराशी खाली, चमचा समोरून आणि अर्धाच. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आता त्याच मला सांगतात, "अगं, पाय टेकव त्याचे."
तुमच्या घरी कसं जमलं?

सातारच्या आजी: आमचं भांडण कधी झालंच नाही, कारण मी गप्प असायचे. सातव्या महिन्यात डोहाळजेवणासाठी मीच सुनेला गाडीने गावी बोलावलं होतं. आठवड्याने नात झाली, सव्वा किलोची. डॉक्टर म्हणाले, प्रवासामुळे असं म्हणता येणार नाही. मागच्या दिवाळीत करंज्या करताना सुनेला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं तुम्ही मला दोष देताय, म्हणून बोलत नाही." पण माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

एक आजोबा: मी रोज खोबरेल तेलाने मालिश करतो, पाय मोकळे होतात. ते स्प्लिंट घातले की पोरगं रडतं, म्हणून सून ऑफिसला गेली की काढून ठेवतो. ती चिडते.

वाचा-उपचार करणारी: काका, मालिश चालू ठेवा, त्याला बरं वाटतं. पण तेवढ्याने आखडलेला पोटरीचा स्नायू लांब होत नाही, त्यासाठी स्प्लिंट लागतो. काढल्यावर लाल वण पाहा. वीसेक मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट टोचतोय, म्हणजे नातू उगाच रडत नाही. तो वण सुनेला दाखवा आणि दोघं मिळून बनवणाऱ्याकडे जा.
आणि ताई, ठसका थांबला म्हणून निर्धास्त राहू नका. काही मुलांना श्वासनलिकेत अन्न गेलं तरी खोकला येत नाही. जेवताना आवाज घरघरतो का, डोळ्यांत पाणी येतं का, वारंवार ताप येतो का, हे आजींनाच आधी दिसेल. वरण किती दाट करायचं ते प्रत्येक मुलाचं तपासून ठरतं.

नागपूरहून: माझी नात अडीच वर्षांची, चारच शब्द बोलते. लेक म्हणते, थांबू. मी काय करू?

वाचा-उपचार करणारी: थांबू नका. आधी कानाची तपासणी करून घ्या.

मूळ प्रश्न विचारणारी: आवाज घरघरतो, हे आई कालच म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, सर्दी असेल. सोमवारी दोघी जातोय. आणखी एक विचारायचंय: तो आता चौदा किलोचा झालाय, आईंची कंबर धरते आणि त्या कबूल करत नाहीत. उचलायचं काम त्यांच्याकडून कसं काढून घेऊ?