भरावातल्या पाइलला गाळ खाली ओढतोय का? सल्ला हवा (रावेर)

केळीवाला_रावेर: राम राम मंडळी. नाल्याकाठी केळीचं पॅकहाऊस बांधतोय. खाली 6 मीटर मऊ गाळ आहे, त्यावर दिवाळीनंतर 3 मीटर मुरूम टाकला. 300 मिमीचे 24 चौकोनी प्रीकास्ट पाइल गाळाखालच्या घट्ट थरात ठोकायचे आहेत, त्यातले दोन झाले. पाइलवर 40 टन येणार. टेस्टमध्ये एक 60 टनांना पास झाला. पण जमिनीच्या पातळीला पाइलवर मारलेली लाल रेघ दीड महिन्यात दोन बोटं वर आलीये. जास्तीचे 2 लाखच आहेत.

भुसावळकर: काळी माती फुगते भाऊ! अंडर-रीम्ड पाइल घ्या. आमचं घर तसंच, 15 वर्षांत एक तडा नाही.

साइटवरचा_नाना: फुगत नाहीये, बसतेय. पाइल जागेवर आहे, भोवतालची जमीन खाली जातेय आणि जाताना पाइलला ओढतेय. गाळात चौरस मीटरला सरासरी 2 टन घर्षण धरा. परिमिती 1.2 मीटर, म्हणजे 14 टन. मुरमाचे 4. एकूण 18.

ठेकेदार_धुळे: टेस्ट पास झाली ना? मग झोपा निवांत.

साइटवरचा_नाना: तीच टेस्ट फसवते. एका दिवसात पाइल दाबला की गाळ आणि मुरूम त्याला वर धरतात, म्हणजे 60 पैकी साधारण 18 टन त्यांचेच. खालच्या थराने 42 दाखवले. उद्या तेच 18 उलटले की खाली 40 अधिक 18, म्हणजे 58 लागतील.

अमळनेरचा_इंजि: नाना, ओढीने पाइल जरा खचला की ती ओढच सुटते. प्रश्न मोडण्याचा नाही, किती खचेल याचा आहे.

साइटवरचा_नाना: मान्य. पण कोल्ड रूमच्या फरशीला 'जरा' चालतं का? शिवाय पाइलच्या काँक्रीटवर तो भार येतोच.

ठेकेदार_धुळे: डांबर फासा, संपला विषय.

साइटवरचा_नाना: नुसतं फासून ठोकलं तर मुरमातले दगड ते खरवडून काढतील. आधी भरावातून थोडं मोठं भोक पाडा. खालच्या घट्ट थरातला भाग कोरा ठेवा, नाहीतर तिथली पकडही जाईल. आणि मे महिन्यात पाइल उन्हात ठेवू नका, आमचं डांबर 45 डिग्रीत ओघळून खाली जमा झालं होतं.

भुसावळकर: मी म्हणतो तेच, अंडर-रीम्ड.

अमळनेरचा_इंजि: काम थांबवून भरावावर आणखी दीड मीटर माती टाका, पातळी मोजत राहा. बसणं थांबलं की तेवढी काढा, मग ठोका.

केळीवाला_रावेर: थांबलो तर हंगाम जातो. ठोकणाऱ्याशी बोललो, 6 पाइल वाढवतोय. एकावर 32 येतील. डांबराची कटकट नको.

साइटवरचा_नाना: अरे भाऊ, त्या सहांनाही गाळ ओढणारच. 32 अधिक 18 म्हणजे 50. तुमच्या टेस्टने 42 च दाखवलेत.

केळीवाला_रावेर: उद्या सकाळी मशीन येतंय नाना. रेघ मात्र बघत राहीन.