अहवालातले आकडे: सगळे देवनागरी की सगळे इंग्रजी?

सायली_क
संस्थेचा वार्षिक अहवाल चौघांनी लिहिलाय, वर्डमध्ये एकत्र करायचं काम माझ्याकडे आलंय. एक वाक्य जसंच्या तसं देते: "दि. १५ मार्च 2023 रोजी रु. 1,४8,५०० जमा." पाननंबर इंग्रजी, अनुक्रमणिका देवनागरी. एकसारखं कशात करू? आणि सरळ 'रिप्लेस ऑल' चालेल का?

दौतटाक
मराठी अहवाल आहे ना, मग आकडेही मराठीच. यात विचारण्यासारखं काय आहे?

कलम३४३
राज्यघटनेतच आंतरराष्ट्रीय अंक सांगितलेत. सगळं इंग्रजी करा, विषय संपला.

खिळेजुळारी
ते कलम संघराज्याच्या शासकीय कामकाजाबद्दल आहे. एका संस्थेच्या मराठी अहवालाला ते लागू होत नाही.

सायली, कुठलेही अंक घ्या, पण तुमच्या वाक्यातलं "४8" आधी बघा. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ जवळजवळ सारखे दिसतात. ती रक्कम एक लाख अठ्ठेचाळीस हजार आहे की चव्वेचाळीस, हे मूळ पावतीवरूनच ठरेल. एकाच आकड्यात दोन्ही लिप्या आल्या असतील अशी प्रत्येक जागा बदलण्यापूर्वी मूळ कागदाशी ताडा. एकदा सगळं देवनागरी झालं की चूक कुठे होती ते कळणारही नाही.

भोलाराम
एवढं कशाला? फॉन्ट बदला, आकडे आपोआप मराठी होतात. मी वर्षानुवर्षं तेच करतो.

खिळेजुळारी
जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये व्हायचं तसं. आत 1 च असायचा, फॉन्ट फक्त चित्र १ चं काढायचा. तोच मजकूर युनिकोडमध्ये आणला की बऱ्याचदा आकडे पुन्हा इंग्रजी दिसायला लागतात. भेसळीचं एक कारण तेच. दुसरं म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडचा नंबरपॅड. मराठी लेआउट चालू असला तरी तो इंग्रजी अंकच देतो, आणि हिशेब लिहिणाऱ्याचा हात तिथेच जातो.

'रिप्लेस ऑल' थेट मारू नका. बँकेचा आयएफएससी कोड घ्या. त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं. त्याचा ० झाला तर छापील पानावर कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण कॉपी करून फॉर्ममध्ये टाकला की चालणार नाही. खाते क्रमांक, ईमेल, वेबपत्ते यांचंही तेच. म्हणून आधी जे इंग्रजीच ठेवायचंय त्याला पिवळा हायलाइट द्या. मग Replace च्या खिडकीत Find what मध्ये कर्सर ठेवून Format मधल्या Highlight वर दोनदा क्लिक करा, खाली Not Highlight असं येईल. आता 0 च्या जागी ०, 1 च्या जागी १, असे दहा फेरे. शेवटी Find what मध्ये कर्सर ठेवून No Formatting दाबा, म्हणजे Not Highlight ची अट निघेल, आणि Use wildcards लावून हे शोधा:

```
[0-9]
```

जे सापडेल ते सगळं पिवळंच असलं पाहिजे. पिवळं नसलेलं काही उरलं तर ते हाताने बघा.

सायली_क
केलं. ४८ च निघाले, पावती सापडली! पण खालचे पाननंबर बदललेच नाहीत. आणि अनुक्रमणिका अपडेट केली तर तिथे परत इंग्रजी आकडे आले.

खिळेजुळारी
पाननंबर टाइप केलेले नसतात, वर्ड ते स्वतः मोजून दाखवतो. Format Page Numbers मध्ये Number format म्हणून १, २, ३ निवडा. यादीत तो पर्याय नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडून बघा. चौघांच्या फाइली जोडल्यात म्हणजे सेक्शन चार तरी असतील, आणि प्रत्येकात हे वेगळं करावं लागतं. अनुक्रमणिका पानांचेच आकडे उचलते, तिच्यात हाताने बदललेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं.

हिशेबनीस_काका
माझं ऐका. आमच्या खजिनदाराने एक्सेलमध्ये सगळ्या रकमा देवनागरीत टाइप केल्या आणि बेरीज आली शून्य. आकडे डावीकडे चिकटले होते, म्हणजे एक्सेल त्यांना मजकूर समजत होतं. तेव्हापासून रकमा इंग्रजीतच, तारखा हव्या तर मराठीत.

दौतटाक
काका, प्रश्न वर्डचा आहे. आणि एक्सेलमध्येही आकडा इंग्रजीच टाइप करायचा, नुसता दिसायला मराठी करायचा. सेलच्या Custom फॉरमॅटमध्ये `[$-4000439]0` टाका, बेरीज बिघडत नाही.

हिशेबनीस_काका
बरं, बेरजेचं मान्य. पण लेखापरीक्षकाचा ताळेबंद इंग्रजी आकड्यांत येतो. तो अहवालाच्या मागे जोडला की पुढच्या पानावरची ४ आणि मागच्या पानावरचा 8 वाचणाऱ्याने कसे जुळवायचे?

खिळेजुळारी
हा मुद्दा खरा आहे. सही झालेला ताळेबंद आपण बदलू शकत नाही, तो परिशिष्ट म्हणून जसाच्या तसा जाणार. पण तारीख मराठीत आणि रक्कम इंग्रजीत केली तर सायलीचं पहिलं वाक्य होतं तिथेच येऊन थांबतं.

हिशेबनीस_काका
मग सगळंच इंग्रजी करा की.

दौतटाक
सहा पानांच्या परिशिष्टासाठी बाकीचा अख्खा अहवाल?

सायली_क
परिशिष्ट सहा नाही, अकरा पानांचं आहे. तूर्त मजकूर देवनागरीत ठेवलाय, आज सचिवांना दोन्ही नमुने दाखवते.