दोन सबमिशन, एकच चूक: टीएने काय करावं?

कथालेखक_नवा: कथा लिहितोय, शेवट ठरत नाहीये. मेघा एमटेकची विद्यार्थिनी आणि सेकंड इयरच्या डेटा स्ट्रक्चर्स लॅबची टीए. वर्तुळाकार क्यूची असाइनमेंट तपासताना ओंकार आणि तन्वीचा कोड जवळजवळ एकच निघतो. नावं वेगळी, पण क्यू दाखवणारा लूप दोघांचाही असा चुकलेला:

```c
for (i = front; i <= rear; i++)
    printf("%d ", q[i]);
```

दोघांच्याही कोडमध्ये `cnt2` हे कुठेच न वापरलेलं व्हेरिएबल आहे, आणि `Queue is emtpy` हा चुकीच्या स्पेलिंगचा मेसेजही. मेघाने काय करावं?

सह्याद्री७: यात विचार कसला करायचा? दोघांना शून्य. चूकसुद्धा सारखी म्हणजे कॉपी सिद्धच झाली.

जुना_मास्तर: सिद्ध झालंच तर ते लूपमुळे नाही. मी बरीच वर्षं ही लॅब घेतली. पाच जागांच्या क्यूत १० ते ५० भरा, दोन काढा, मग ६० घाला. आता `front` २ वर आहे आणि `rear` फिरून ० वर आलाय. लूप एकदाही चालत नाही, स्क्रीन कोरी राहते. साध्या क्यूचा लूप तसाच उचलल्यामुळे ही चूक होते आणि दरवर्षी अनेक मुलं स्वतंत्रपणे करतात. त्यावरून कोणाला चोर ठरवू नये. `cnt2` आणि `emtpy` यांचं वजन मात्र मोठं. ज्या गोष्टीला प्रोग्रामच्या दृष्टीने काही कारणच नाही, ती दोन डोक्यांत एकाच वेळी उगवत नाही. मेघाने आधी एवढंच बघावं की या दोन्ही गोष्टी सरांनी दिलेल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये तर नव्हत्या ना. असतील तर सगळ्या वर्गाकडेच सापडतील आणि प्रकरण तिथेच संपेल.

नियमावली: यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत की. दहा टक्क्यांपर्यंत माफ, साठच्या वर सगळ्यात कडक कारवाई. टक्केवारी काढा, झालं.

जुना_मास्तर: टप्पे बरोबर सांगितलेत, पण ते नियम प्रबंध आणि प्रकाशनांसाठी आहेत. असाइनमेंट आणि टर्म पेपर त्यातून स्पष्टपणे वगळलेत. इथे कॉलेजचा आणि त्या कोर्सचा नियम चालेल. टक्केवारीचंही सांगतो. कोडमधली नक्कल शोधणारं स्टॅनफर्डचं मॉस वापरलं तर व्हेरिएबलची नावं बदलून सुटका होत नाही, कारण ते नावांकडे बघतच नाही, कोडची घडण जुळवतं. पण छोट्या असाइनमेंटमध्ये प्रामाणिक कोडही बराच जुळतो. आकडा फक्त कुठे बघायचं ते सांगतो. निकाल माणसानेच द्यायचा.

पूर्वा_के: माझ्या बाबतीत झालंय हे. लॅबमध्ये सगळ्या बॅचेसना एकच लॉगिन होतं. माझी फाइल डेस्कटॉपवर राहिली, पुढच्या बॅचच्या कोणीतरी उचलली आणि माझ्याआधी सबमिट केली. टीएने वेळ बघून मलाच नक्कल करणारी ठरवलं. म्हणून सांगते, आधी कोणी सबमिट केलं यावरून काहीही ठरवू नका. आणि दोघांना सरसकट शून्य म्हणजे जिची फाइल गेली तिलाच पुन्हा शिक्षा.

सह्याद्री७: मग निम्मे निम्मे मार्क वाटून द्या.

पूर्वा_के: प्रश्न मार्क वाटण्याचा नाहीये हो. कोणी काय केलं हे कसं कळणार, हा आहे.

लॅब_ताई: मीही टीए आहे. मेघाने सरांकडे जायच्या आधी दोघांना वेगवेगळं बोलवावं. लूप समजावून सांगायला लावू नये, तो रात्रीत पाठ होतो. `cnt2` कशाला घेतलं होतं, हे विचारावं. ज्याने लिहिलंय तो सांगेल, आधी मोजणी ठेवून रिकामी-भरलेली तपासत होतो, नंतर `(rear + 1) % MAX` वर आलो. उचलणाऱ्याला कोडचा हा आधीचा प्रवास माहीत नसतो. एकदा ते सरांकडे गेलं की थेट कमिटी. एकोणीस वर्षांच्या पोराला बोलायची एक संधी तरी मिळू दे.

जुना_मास्तर: प्रश्न अगदी योग्य, पण तो मेघाने विचारू नये. तिने एकाला बोलावलं की तासाभरात दुसऱ्याला कळणार आणि दोघांची गोष्ट एक होणार. उद्या कोणी म्हणालं की टीएने दम दिला, तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार? तिने मार्क न भरता दोन्ही फाइल शेजारी शेजारी ठेवाव्यात, जुळणाऱ्या ओळींवर खूण करावी, ‘यातली ही चूक सर्रास होते, या दोन होत नाहीत’ एवढं लिहून सरांना द्यावं. कोणी कोणाची उचलली याचा अंदाजही लिहू नये. तोंडी सरांनी घ्यावी, दोघांची लागोपाठ, मध्ये भेटू न देता.

लॅब_ताई: सर तोंडी घेतील याची खात्री कोण देणार? आमच्याकडे टीएची चिठ्ठी वाचून सही होते. तुम्ही चांगले मास्तर धरून चाललाय.

जुना_मास्तर: हे मला खोडता येत नाही.

कथालेखक_नवा: आणि तन्वीने स्वतःहून फाइल दिली असेल, फक्त ‘बघायला’ म्हणून, तर?

पूर्वा_के: तर ताकीद पुरे. तिने स्वतःचं काम केलंय.

सह्याद्री७: अजिबात नाही. देणाराही तितकाच दोषी.

जुना_मास्तर: कोर्सच्या पहिल्या तासाला ‘कोड दाखवणंही चालणार नाही’ असं सांगितलं होतं का, यावर ते अवलंबून आहे. तुमच्या कथेत सरांनी काय सांगितलं होतं?