वहिनींच्या कार्डावर प्रसूतीच्या तीन तारखा आणि लाल स्टिकर : मदत हवी आहे

माणदेशी : वहिनींची दुसरी खेप आहे. पहिलं सिझर, मुलगा अडीच वर्षांचा. दादा कामानिमित्त बाहेर असतो, त्यामुळे दवाखान्याची धावपळ माझ्याकडे. माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या पानावर शेवटची पाळी १० जानेवारी २०२५ आणि प्रसूतीची तारीख १७ ऑक्टोबर लिहिली आहे. २१ मार्चच्या सोनोग्राफीत ८ आठवडे ५ दिवस आणि तारीख २६ ऑक्टोबर. परवा, ८ ऑगस्टच्या सोनोग्राफीत २७ आठवडे ४ दिवस, तारीख ३ नोव्हेंबर! आईने बोटांवर मोजून ३० आठवडे झाले असं सांगितलं आणि बाळ अडीच आठवडे मागे पडलंय म्हणून रात्रभर झोपली नाही. त्यात कार्डावर लाल स्टिकर. गर्दीत डॉक्टरांना नीट विचारता आलं नाही. नेमकी कुठली तारीख धरायची?

पाऊलवाट : शेवटची सोनोग्राफी नवी, म्हणजे तीच बरोबर. बाळ मोठं झाल्यावर मशीनला स्पष्ट दिसतं. आणि लाल स्टिकर रक्त कमी असल्यामुळे. हिमोग्लोबिन किती आहे?

माणदेशी : ९.४ लिहिलंय. लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

सिस्टरमावशी : मी एकतीस वर्षं नर्स होते, अशी कार्डं रोज भरली. पाऊलवाट, दिसतं स्पष्ट हे खरं, पण वय सांगण्याच्या बाबतीत उलटं आहे. सुरुवातीच्या दिवसांत सगळी बाळं जवळजवळ एकाच मापाने वाढतात, म्हणून डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून दिवस अचूक निघतात. सातव्या महिन्यात एक बाळ अंगाने भरलेलं, एक किरकोळ, दोघांचं वय तेच. तेव्हाचं मशीन बाळाचा आकार पाहून वय सांगतं आणि दोन-तीन आठवड्यांनीही चुकतं.

माणदेशी, वहिनींची पाळी महिन्याच्या महिन्याला यायची का?

माणदेशी : विचारलं. नेहमी सदतीस-अडतीस दिवसांनी.

सिस्टरमावशी : मग इथेच उत्तर आहे. पाळीवरून तारीख काढताना अठ्ठावीस दिवसांचं चक्र गृहीत असतं. वहिनींना नऊ-दहा दिवस उशिरा पाळी येते, म्हणजे गर्भही तेवढाच उशिरा राहिला. पाळीवरून २१ मार्चला पुरे १० आठवडे भरत होते, मशीनने नऊ दिवस कमी दाखवले. त्या वेळी सात दिवसांहून जास्त फरक असला की सोनोग्राफीची तारीख धरतात. तुमची तारीख २६ ऑक्टोबर. त्या हिशोबाने ८ ऑगस्टला २८ आठवडे ५ दिवस, मशीनने २७ आठवडे ४ दिवस दाखवले. फरक आठ दिवसांचा, अडीच आठवड्यांचा नाही. एवढ्यावरून तारीख बदलत नाहीत. मात्र बाळ किरकोळ असू शकतं. रिपोर्टमध्ये अंदाजे वजन आहे, ते २८ आठवडे ५ दिवसांच्या हिशोबाने बसतं का हे डॉक्टरांना विचारा. पुढची सोनोग्राफी सांगितली तर टाळू नका, वाढ एकापेक्षा दोन मापांत कळते.

कोकणकन्या : माझ्या कार्डावर पिवळं स्टिकर होतं, थायरॉईडमुळे. सासूबाईंनी गावभर सांगितलं बाळाला काविळ आहे! वहिनींना थायरॉईड तपासा ना.

सिस्टरमावशी : पिवळं असतं ते थायरॉईड, मधुमेह अशा सोबतच्या आजारांना, निळं गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाला. हिरवं म्हणजे जोखीम नाही. वहिनींचं लाल. ९.४ कमी आहे, गोळ्या चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका, पण लाल लावायला तेवढं कारण पुरत नाही. माझ्या मते आधीचं सिझर हेच कारण. कार्डात 'जी २ पी १ एल १', म्हणजे दुसरी खेप, एक बाळंतपण, एक मूल हयात, असं लिहिलेलं असेल, शेजारी सिझरची नोंद बघा.

पाऊलवाट : म्हणजे परत सिझरच ना?

सिस्टरमावशी : तसं नाही. लाल म्हणजे ही बाई उपकेंद्रात बाळंत करायची नाही, जिथे रक्त आणि भूल देणारे डॉक्टर आहेत तिथे न्यायची. परत सिझर ठरलं तर ते सहसा ३९ आठवडे भरल्यावर करतात, आणि इथे तारीख महत्त्वाची. १७ ऑक्टोबर धरली तर १० ऑक्टोबरला बोलावतील, पण बाळ खरं ३७ आठवडे ५ दिवसांचं असेल. एवढ्या लवकर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. २६ तारखेने तोच दिवस १९ ऑक्टोबर येतो. म्हणून पहिल्या पानावर '२६ ऑक्टोबर, पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे' असं डॉक्टरांच्या हाताने लिहून घ्या. ९ सप्टेंबरला गरोदर बायकांच्या तपासणीचं शिबिर असेल तेव्हा आशाताईंना बरोबर न्या. मात्र पोट दुखलं, रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर तारखेची वाट पाहू नका, रात्र असली तरी निघा.

मागच्या सिझरचा डिस्चार्जचा कागद आहे का? गर्भाशयावर छेद कुठे आणि कसा घेतला हे त्यावर असतं. नॉर्मलचा प्रयत्न करायचा का हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

माणदेशी : वहिनींच्या माहेरी ठेवला होता, सापडत नाहीये. दादा म्हणतो त्या दवाखान्यात जुनी फाईल मिळेल. कोणी अशी फाईल मागितली आहे का, अर्ज कसा द्यायचा?