नावात ‘ईएसजी’ आहे, पण कोळसा खरंच बाहेर आहे का?

वास्कोची माई
मी निवृत्त शिक्षिका, वास्कोत राहते. सकाळी खिडकीच्या गजांवरून हात फिरवला की काळी पूड लागते, कोळशाची. पुढच्या महिन्यात माझी पाच लाखांची मुदत ठेव पूर्ण होतेय. बँकेतला मुलगा एक ईएसजी फंड सुचवतोय, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून शेअर निवडणारा म्युच्युअल फंड. नावात ‘एक्स्क्लुजनरी स्ट्रॅटेजी’ असं आहे. ‘यात प्रदूषणवाल्या कंपन्या नसतात, मॅडम’ असं तो म्हणाला. माझा पैसा कोळशात जायला नको, एवढंच मला पक्कं हवंय. या नावावर विश्वास ठेवू का?

पर्वरीकर
ठेवा, माई. 2023 च्या जुलैमध्ये सेबीने या फंडांचे नियम कडक केले. सहा प्रकारची धोरणं ठरवून दिली, आणि आपलं धोरण कुठलं ते फंडाच्या नावातच लिहावं लागतं. किमान 80 टक्के पैसा त्या धोरणाप्रमाणेच गुंतवायचा. उरलेला पैसाही धोरणाच्या अगदी उलट दिशेला टाकता येत नाही. नुसतं हिरवं नाव लावून लोकांना गंडवायचे दिवस गेले.

मिरामारचा निवृत्त
पर्वरीकरांनी सांगितलेले नियम बरोबर आहेत, निष्कर्ष मला मान्य नाही. मी बरीच वर्षं मुंबईत एका फंड कंपनीच्या कंप्लायन्स विभागात होतो. फंड स्वतःच्या धोरणाला धरून चाललाय का, हे तो नियम बघतो. धोरणात कोळसा आहे की नाही, हे त्या फंडाने स्वतः ठरवायचं असतं.

‘एक्स्क्लुजनरी’ म्हणजे काही धंदे वगळणारा. कुठले धंदे, ते योजनेच्या माहितीपत्रकात, गुंतवणूक धोरणाच्या भागात लिहिलेलं असतं. या यादीत तंबाखू, दारू, जुगार, वादग्रस्त शस्त्रं ही नावं सहसा सापडतात. मांडवीतल्या कॅसिनोंचा धंदा अशा यादीने बाहेर राहील. कोळसा राहीलच असं नाही. यादीत कोळशाचं नावच नसेल, तर कोळसा जाळणारी वीज कंपनी घेऊनही फंड नियमात शंभर टक्के बसतो.

दुसरी गोष्ट मर्यादेची. यादीत कोळसा असला तरी पुढचे शब्द वाचा. ‘उत्पन्नाच्या 5 टक्क्यांहून जास्त वाटा कोळसा खाणीतून’ असं काहीतरी असतं. समजा एका समूहाची वर्षाची उलाढाल 40,000 कोटी आहे आणि त्यातले 1,600 कोटी कोळशाचे. हे झाले 4 टक्के, म्हणजे कंपनी चाळणीतून आत आली. शिवाय शब्द ‘खाण’ असा आहे. बंदरावर कोळसा उतरवणारी, तो रेल्वेने नेणारी, भट्टीत घालणारी कंपनी खाण चालवत नाही. माई, तुमच्या गजांवरची पूड उतरवण्यातून आणि वाहतुकीतून येते. या चाळणीला ती दिसतच नाही.

साखळीचा ट्रकवाला
तुम्हा लोकांचं हे नेहमीचंच. 2012 ला आमच्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मग सुरू झाल्या, 2018 ला परत बंद. माझे दोन ट्रक दारात गंजले, हप्ते मात्र चुकले नाहीत. आता म्युच्युअल फंडवाले पण खाणी बंद पाडणार काय? आमच्या पोराबाळांनी काय खायचं?

मिरामारचा निवृत्त
भाई, तुमचं नुकसान खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण गोव्यातल्या खाणी बंद झाल्या त्या न्यायालयाच्या आदेशांमुळे. फंड बाजारातून शेअर घेतो तेव्हा पैसा आधीच्या शेअरधारकाला मिळतो, कंपनीच्या तिजोरीत जात नाही. विकला तरी कंपनीचा एक ट्रकही थांबत नाही. माईंचा प्रश्न स्वतःचा पैसा कशात असावा, एवढाच आहे.

म्हापशाची सीए
सर, मग तुम्ही अर्धवट का थांबता? शेअर विकून काहीच बदलत नसेल तर हा सगळा प्रकारच दिखावा आहे. असे बरेच फंड उघडून पाहिलेत मी. वर त्याच मोठ्या बँका, त्याच आयटी कंपन्या. बँकेची स्वतःची चिमणी नसते, म्हणून तिचे ईएसजी गुण चांगले येतात. तिने कर्ज दिलेल्या औष्णिक प्रकल्पाचा धूर तिच्या खात्यावर मोजलाच जात नाही. माई, बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा साधा इंडेक्स फंड घ्या, खर्च कमी येईल आणि उगाच समाधानाची किंमत मोजावी लागणार नाही.

मिरामारचा निवृत्त
बँकांचं तुम्ही बरोबर पकडलंत. सेबीच्या बीआरएसआर अहवालात, म्हणजे कंपन्यांनी जबाबदार व्यवसाय आणि शाश्वततेबद्दल द्यायच्या अहवालात, कंपनीच्या स्वतःच्या भट्टीचं आणि विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन द्यावंच लागतं. कर्जातून किंवा पुरवठादारांकडून होणारं उत्सर्जन ऐच्छिक रकान्यात आहे. ईएसजी गुणांचंही तसंच. ते बहुतेक वेळा हवामानामुळे किंवा नियमांमुळे कंपनीला किती धोका आहे ते मोजतात, कंपनीमुळे गावाला किती धोका आहे ते नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एस अँड पी 500 च्या ईएसजी निर्देशांकातून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेल कंपनी एक्झॉन आत राहिली. ज्याने त्याने आपापल्या उद्योगात किती गुण मिळवले, यावर ती निवड होती.

पण ‘सगळाच दिखावा’ हे मला पटत नाही. फंड हा शेअरधारक असतो, त्याला मत असतं. ईएसजी योजनांना आपण कुठल्या ठरावावर कसं मत दिलं आणि का, हे जाहीर करावं लागतं. तिथे प्रत्येक ओळीत व्यवस्थापनाच्याच बाजूने मत आणि कारणाच्या जागी तेच साचेबद्ध वाक्य दिसलं, तर मी तो फंड सोडून देईन.

पर्वरीकर
म्हणजे नियामक झोपलाय असं म्हणायचंय का तुम्हाला? अमेरिकेत तर मोठमोठ्या फंड कंपन्यांना दंड झालेत.

मिरामारचा निवृत्त
झालेत, आणि तेच बघण्यासारखं आहे. डीडब्ल्यूएस या कंपनीच्या अमेरिकी शाखेला 2023 च्या सप्टेंबरमध्ये 1 कोटी 90 लाख डॉलरचा दंड झाला. ईएसजी आमच्या निर्णयप्रक्रियेत मुरलेलं आहे असं ती ग्राहकांना सांगत होती, प्रत्यक्षात स्वतःचंच धोरण नीट राबवत नव्हती. बोलणं आणि करणं यात अंतर सापडलं, म्हणून दंड झाला. तिचं धोरणच ढिलं असतं आणि तिने ते इमानाने पाळलं असतं, तर काय पकडणार?

म्हापशाची सीए
मत देण्याचा मुद्दा तत्त्वतः ठीक. पण फंडाकडे कंपनीचे दोन टक्के शेअर आणि प्रवर्तकाकडे साठ असतील, तर त्या मताने ठराव पडत नाही. माझं मत मी बदललेलं नाही.

वास्कोची माई
काल भाच्याला बसवून माहितीपत्रक उघडलं. वगळायच्या यादीत तंबाखू, दारू, जुगार, शस्त्रं. ‘कोळसा’ शब्द शोधला, एकदाही आला नाही. मग फंडाच्या संकेतस्थळावरची मागच्या महिन्याची शेअरांची यादी काढली. ती दर महिन्याला टाकावी लागते म्हणे. पोलाद बनवणारी एक कंपनी आहे, कोळशावर वीज बनवणारी एक आहे, आणि चार बँका. बँकेतल्या मुलाला दाखवलं. तो बिचारा म्हणाला, मला प्रशिक्षणात जे शिकवलं तेच मी सांगितलं.

सर, पोलादाचं मी समजू शकते, घराला सळी लागतेच. पण बँकांचं काय करू? माझी मुदत ठेवही बँकेतच आहे. त्या पैशातून कर्ज कुणाला गेलं, हे मला कोण सांगेल?

मिरामारचा निवृत्त
ठेवीचा पैसा कुठे गेला याचा हिशेब ठेवीदाराला मिळत नाही, माई. त्या बाबतीत फंड ठेवीपेक्षा उघडा आहे, निदान शेअरांची नावं दिसतात. फंड कंपनीला ईमेल करून दोन गोष्टी लेखी मागा: कोळशाची हाताळणी आणि वाहतूक तुमच्या यादीत का नाही, आणि त्या वीज कंपनीच्या सभेत तुम्ही कुठल्या ठरावावर काय मत दिलं. शिवाय ठेवीची रक्कम शेअर बाजारात टाकताय, ती निदान सात वर्षं लागणार नाही ना, हेही आधी बघा.

वास्कोची माई
तीन लाख लागणार नाहीत. ईमेल आज पाठवलाय. उत्तर आलं की इथेच टाकते. तोवर ठेव तीन महिन्यांसाठीच पुढे चालू ठेवतेय.